डॉलरच्या बिलात दर वेळी पैसे कमी का येतात? आधी बिलासोबतचा ई-मेल तपासा

संभाजीनगर, पैठण, जालना या पट्ट्यातल्या छोट्या निर्यातदारांचे हिशेब मी बघते. वर्षातून दहा-बारा वेळा तरी एकच तक्रार समोर येते. माल पूर्ण गेला, गिऱ्हाईक म्हणतं पूर्ण पैसे पाठवले, खात्यात मात्र कमी आले. बहुतेक वेळा दोष बँकेचा नसतो आणि गिऱ्हाइकाचाही नसतो. बिलासोबत गेलेल्या ई-मेलमधली दोन वाक्यं अर्धवट असतात आणि तिथेच घोळ होतो.

लक्षणं

दर बिलामागे १५ ते ५० डॉलर कमी येतात आणि आकडा दर वेळी वेगळा असतो. गिऱ्हाईक त्याच्या बँकेची पावती दाखवतं, तिच्यावर पूर्ण रक्कम असते. मोबाइलवर डॉलरचा जो दर दिसतो त्यापेक्षा बँकेने ४०-६० पैसे कमी दिलेले असतात. कधी तर डॉलर येतच नाहीत, थेट रुपये येतात आणि ते कुठल्या दराने आले ते इकडे कोणालाच सांगता येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बँकेतून फोन येतो की शिपिंग बिलावरची रक्कम आणि आलेली रक्कम जुळत नाही, पत्र द्या.

यातली दोन लक्षणं जरी तुमच्याकडे सलग दोन बिलांना दिसली असतील तरी पुढचं क्रमाने करून बघा. पहिल्या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही.

पहिली तपासणी: आपलाच जुना ई-मेल मोठ्याने वाचा

पैठणच्या एका काकांचं उदाहरण घेते. चार मागांचं काम आहे, माल न्यू जर्सीला जातो. तिथे दुकान चालवणाऱ्या ताई मूळच्या लातूरच्या, म्हणून पत्रव्यवहार मराठीतच चालतो. काकांच्या वहीत पाच बिलांखाली एकच शेरा होता, ‘बँकेनं खाल्ले’, आणि पुढे आकडा. पाचव्या बिलाचा ई-मेल मी मागवला. तो असा होता:

> ताई, नमस्कार. बिल जोडले आहे. १८ पैठण्या, एकूण ४,८६० डॉलर. चालू दराप्रमाणे हिशेब केला आहे. बँक खर्च वेगळा. पैसे लवकर पाठवावेत ही विनंती.

मी काकांना विचारलं, ‘बँक खर्च वेगळा’ म्हणजे काय? ते म्हणाले, “म्हंजे तो त्यांनी द्यायचा, आपल्याला चार हजार आठशे साठ पूर्ण पाहिजेत.” मग त्यांच्यासमोरच ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “मी दिला की वेगळा. माझ्या बँकेने दर वेळी ४५ डॉलर घेतलेत माझ्याकडून, बिलातून मी कधी कापले नाहीत.” दोघंही खरं बोलत होते. पाठवताना ताईंच्या बँकेने घेतलेला खर्च एक, वाटेतल्या बँकांनी कापलेला दुसरा आणि आपल्या बँकेने इथे घेतलेला तिसरा. ‘बँक खर्च’ या एका शब्दात तिन्ही कोंबलेले होते आणि प्रत्येकाने आपल्याला दिसला तेवढाच धरला होता.

‘चालू दर’ हाही तसाच शब्द. मोबाइलवर दिसतो तो बाजाराचा मधला दर, त्या दराने आपल्याला कोणी डॉलर विकत घेत नाही. दुसरा रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था तो कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास जाहीर करते. तिसरा आपल्या बँकेचा टीटी बाइंग दर, म्हणजे बँक ज्या दराने आपले डॉलर विकत घेते तो. त्यात बँकेचं मार्जिन धरलेलं असतं. शिवाय कस्टम्सचा स्वतःचा दर असतो आणि मालाच्या निर्यातीची जीएसटीतली रुपयांची किंमत त्यावर निघते. हे चार दर एकमेकांशी जुळत नाहीत, जुळावेत अशी अपेक्षाही नाही. म्हणून ई-मेलमध्ये कुठला दर, कुठल्या दिवसाचा, हे लिहिलं नसेल तर ‘चालू दर’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

दुसरी तपासणी: तूट नेमकी कशाची, ते वेगळं करा

बँकेकडून त्या रकमेचा आवक सूचना कागद मागा. त्याला एफआयआरए किंवा इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस म्हणतात आणि तो ई-मेलवरही मिळतो. त्यावर तीन आकडे बघायचे: किती डॉलर पोहोचले, कुठल्या दराने बदलले आणि इथे किती खर्च लागला. खाते उतारा यासाठी पुरत नाही, त्यात फक्त शेवटचा रुपयाचा आकडा असतो.

काकांचा हिशेब असा निघाला. समजायला सोपं जावं म्हणून दर मी गोल करून देते. एका पैठणीचा भाव ताईंशी रुपयात ठरला होता, २२,९५०. अठरा पैठण्यांचे ४,१३,१०० रुपये. काकांनी मोबाइलवर ८५ चा दर पाहून ४,८६० डॉलरचं बिल केलं. चौतीस दिवसांनी पैसे आले, ४,८२० डॉलर. बँकेने ८४.४० ने बदलून ४,०६,८०८ रुपये धरले. म्हणजे ठरलेल्या रकमेपेक्षा ६,२९२ रुपये कमी.

त्या ६,२९२ मध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या होत्या. वाटेत कापलेले ४० डॉलर म्हणजे ३,४०० रुपये. त्या दिवशी बाजाराचा दर ८४.९० होता, म्हणजे बिलाच्या दिवसापेक्षा दहा पैसे खाली, त्याचे ४८२ रुपये. उरलेले पन्नास पैसे बँकेचं मार्जिन, त्याचे २,४१०. याशिवाय इथल्या बँकेची आवक फी ५०० रुपये आणि तिच्यावरचा जीएसटी ९० रुपये. चलन बदलण्यावरचा जीएसटी ४५६ रुपये. हा शेवटचा आकडा बघून लोक दचकतात, पण त्याचं सूत्र ठरलेलं आहे. एक लाखापर्यंत एक टक्का, त्यापुढे दहा लाखांपर्यंत हजार रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का, एवढी सेवेची किंमत धरायची आणि तिच्यावर १८ टक्के. काकांच्या रकमेवर सेवेची किंमत २,५३४ येते आणि तिचे १८ टक्के ४५६.

ही फोड आधी करायची ती एवढ्यासाठी की प्रत्येक तुकड्याचा धनी वेगळा आहे. वाटेतले ४० डॉलर ताईंच्या बाजूने भरता येतात. बाजार हलला त्याचे ४८२ कोणाच्या अंगावर, ते दोघांनी ठरवायचं. बँकेचं मार्जिन आणि इथला जीएसटी मात्र आपलाच, तो गिऱ्हाइकाकडे मागू नये. मार्जिनसाठी भांडायचं तर आपल्या शाखेशी. रक्कम बदलायच्या आधी फोन करून चांगला दर मागितला तर पुष्कळ शाखा दहा-वीस पैसे सोडतात, मी स्वतः मिळवलेत. पण न मागता कोणी देत नाही.

तिसरी तपासणी: पाठवताना खर्चाचा कुठला पर्याय निवडला गेला

गिऱ्हाइकाला त्याच्या बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागायला सांगा. मागायला सहसा पैसे पडत नाहीत, दोन-तीन दिवस लागतात. पूर्ण हिशेब मात्र आपल्या बँकेकडे पोहोचलेल्या प्रतीत असतो, कारण वाटेतल्या कपाती तिच्यात नोंदवलेल्या असतात. काकांच्या प्रतीतल्या कामाच्या ओळी एवढ्याच:

```
:33B:USD4860,
:71A:SHA
:71F:USD20,
:71F:USD20,
```

33B म्हणजे ताईंनी पाठवायला सांगितलेली रक्कम. 71F म्हणजे वाटेतल्या बँकांनी कापलेला खर्च, इथे दोन बँकांनी वीस-वीस. आणि मूळ कारण 71A मध्ये आहे. तिथे तीनपैकी एक शब्द असतो. OUR म्हणजे वाटेतला खर्च पाठवणाऱ्याचा. SHA म्हणजे पाठवणाऱ्याने आपल्या बँकेचा द्यायचा, बाकी घेणाऱ्याच्या रकमेतून जाणार. BEN म्हणजे सगळाच घेणाऱ्याचा. बँकेच्या पानावर बहुधा SHA आधीच निवडलेला असतो आणि कोणी सांगितलं नाही तर तो तसाच राहतो. ताईंना कोणी सांगितलंच नव्हतं. बँकांमधले हे संदेश नोव्हेंबर २०२५ पासून नव्या धाटणीत जातात. त्यात OUR च्या जागी DEBT, SHA च्या जागी SHAR आणि BEN च्या जागी CRED दिसेल, अर्थ तोच.

दोन मर्यादा आधीच माहीत असाव्यात. काही बँकांच्या ऑनलाइन पानावर हा पर्याय दिसत नाही, शाखेत किंवा फोनवर सांगावं लागतं. आणि OUR निवडूनही एखादी मधली बँक क्वचित कापते. तेव्हा 71A ची ओळ हातात असली की पाठवणाऱ्या बँकेकडे दाद मागता येते. नसली तर बोलायला काही उरत नाही.

थेट रुपये येण्याचं कारणही याच पानावर असतं. अमेरिकेतल्या काही बँका रुपयात बदलून पाठवलं तर पाठवण्याचा खर्च माफ करतात आणि आपली कमाई दरात काढतात. पाठवणाऱ्याला वाटतं ४५ डॉलर वाचले. इकडे मात्र डॉलरच्या बिलासमोर रुपये येऊन पडतात, किती डॉलरचे ते कळत नाही आणि शिपिंग बिल मिटवताना बँक अडते.

चौथी पायरी: ई-मेल नव्याने लिहा

आता सगळं माहीत झालं की लिहायला पंधरा मिनिटं पुरतात. काकांचा नवा ई-मेल आम्ही दोघांनी बसून असा केला:

> विषय: बिल क्र. २७, १८ पैठण्या, ४,८६० अमेरिकी डॉलर पूर्ण पोहोचावेत
>
> ताई, नमस्कार. बिल क्र. २७ जोडले आहे.
>
> रक्कम: ४,८६० अमेरिकी डॉलर. पैसे डॉलरमध्येच पाठवावेत, तिकडे रुपयात बदलू नयेत.
>
> दर: भाव रुपयात ठरला आहे, १८ पैठण्या × २२,९५० = ४,१३,१०० रुपये. बिलाच्या तारखेच्या रिझर्व्ह बँक संदर्भ दराने (१ डॉलर = ८५ रुपये) डॉलरची रक्कम काढली आहे. सुट्टी असल्यास आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर धरतो. बिल ३० दिवसांत चुकते झाल्यास दर हलला तरी रक्कम बदलणार नाही, फरक आमचा.
>
> खर्च: आपल्या बँकेचा आणि वाटेतल्या बँकांचा खर्च आपल्याकडे, म्हणजे पाठवताना OUR हा पर्याय निवडावा. पैठणला आमच्या बँकेचा खर्च आणि कर आमच्याकडे.
>
> पैसे पाठवल्यावर बँकेच्या स्विफ्ट संदेशाची प्रत या ई-मेलवर पाठवावी. खात्याचा तपशील बिलावर आहे, तो बदललेला नाही.

यातल्या काही शब्दांवर आम्ही बराच वेळ घालवला. आधी मी ‘सर्व बँक खर्च आपल्याकडे’ असं लिहिलं होतं. काकांनीच हरकत घेतली की ताईंना वाटेल आपण इथला जीएसटीही त्यांच्यावर टाकतोय. खरंच होतं ते. म्हणून खर्च जागेनुसार वाटला: तिकडचा आणि वाटेतला तुमचा, इथला आमचा. असं लिहिलं की भांडायला जागा उरत नाही. ‘फरक आमचा’ हेही स्पष्ट लिहायचंच. दर हलण्याची जोखीम कोणीतरी घेतलेलीच असते, लिहिली नाही तर पैसे येईपर्यंत कोणी ते मान्य करत नाही. दर वर गेला तर फायदाही काकांचाच, हे ताईंनी लगेच मान्य केलं.

भाव मुळात डॉलरमध्येच ठरला असेल तर दराचं कलम लागतच नाही. तेव्हा ‘भाव डॉलरमध्ये ठरला आहे, रुपयातला फरक आमचा’ एवढं एक वाक्य पुरे. उगाच दर लिहिला तर समोरच्याला वाटतं त्यावर घासाघीस चालेल.

हाच मजकूर बिलाच्या पीडीएफवर, रकमेच्या लगेच खाली, दोन ओळींत हवा. दुकान मोठं असेल तर पैसे पाठवणारा माणूस वेगळा असतो. त्याच्याकडे बिल जातं, ई-मेल जात नाही.

आणि हे सगळं माल निघायच्या आधी ठरलं पाहिजे. शिपिंग बिलात डॉलरची रक्कम एकदा भरली की नंतर दर हलला म्हणून बिलाचा आकडा बदलता येत नाही. बदलला तर कस्टम्सकडे एक रक्कम आणि बँकेकडे दुसरी, असं होऊन बसतं. काही जण चाळीस डॉलर आधीच बिलात वेगळी ओळ करून चढवतात. मला ते पटत नाही. खर्च दर वेळी वेगळा असतो आणि ती ओळ बघून गिऱ्हाईक SHA नेच पाठवतं, कारण त्याच्या मते खर्च त्याने दिलेला आहे. OUR शक्यच नसेल तर भाव ठरवतानाच तेवढं धरा.

जुन्या तुटीचं काय करायचं

काकांनी विचारलं, मागचे पाच बिलांचे कापलेले पुढच्या बिलात लावू का? मी नको म्हटलं. एका शिपिंग बिलाची रक्कम दुसऱ्यात मिसळली की बँकेला कुठली रक्कम कशासमोर लावायची ते कळत नाही आणि दोन्ही अडकतात. चाळीस डॉलर वेगळे मागवायचे तर पाठवायलाच तेवढे लागतील. स्विफ्ट प्रतीत 71F च्या ओळी असतील तर ती प्रत पत्रासोबत बँकेला द्या. तूट वाटेतल्या खर्चाची आहे हे त्यातून दिसतं आणि त्या आधारावर शिपिंग बिलाची नोंद मिटवायला सांगता येतं. काकांच्या पाचपैकी चार बिलांच्या प्रती मिळाल्या, पाचवीसाठी ताईंना बँकेत जावं लागलं.

इथे थांबा आणि माणूस गाठा

खरेदी आदेशात किंवा करारात ‘आमच्या देशाबाहेरचा सर्व बँक खर्च विक्रेत्याचा’ असं आधीच छापलेलं असेल तर ई-मेलने ते बदलत नाही. आधी आदेश दुरुस्त करून घ्या. पतपत्रावर, म्हणजे एलसीवर, माल जात असेल तर खर्चाचं कलम त्या पत्रातच असतं आणि तिथे स्वतः शब्द फिरवू नका, बँकेच्या परकीय चलन विभागात जा. तुटीचा आकडा स्विफ्ट प्रतीतल्या 71F च्या बेरजेपेक्षा मोठा असेल, किंवा डॉलरऐवजी रुपये आले असतील, तरीही तिथेच. लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

शिपिंग बिल थकीत दिसत असेल आणि तूट बँक खर्चाची नसून गिऱ्हाइकाने मालात खोट सांगून कापलेली असेल, तर ते सीएचं काम आहे. त्याचा जीएसटी परताव्याशी आणि निर्यातीच्या सवलतींशी संबंध येतो.

आणि ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा ई-मेल आपल्या नावाने गिऱ्हाइकाकडे गेल्याचं कळलं तर ई-मेलवर उत्तर देत बसू नका. गिऱ्हाइकाला आणि बँकेला त्याच क्षणी फोन करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवा. ताईंना आम्ही सांगून ठेवलं आहे की खाते बदललं तर काका स्वतः फोन करतील, फक्त ई-मेल आला तर पैसे पाठवायचे नाहीत.

सत्तावीस क्रमांकाच्या बिलाला ४,८६० डॉलर पूर्ण आले. अठ्ठाविसाव्याला १५ कमी आले, OUR असूनही. 71A ची ओळ दाखवून ताईंनी त्यांच्या बँकेकडे तक्रार टाकली आहे, उत्तर अजून यायचं आहे.